मॅच सुरू झाली आणि मेसेज आटले: तालुक्याच्या जाहिरातीतली घट कशी वाचायची

"भाऊ, पैसे तं रोज कटून राह्यले, मग मेसेज काऊन नाही येऊन राह्यले?"

मार्च २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात क्लासवाल्या सरांचा फोन आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांचा कॉम्प्युटर आणि टायपिंगचा क्लास आहे. दहावीची पोरं मोकळी होतात तेव्हा उन्हाळी बॅच भरते, म्हणून फेसबुक-इन्स्टाग्रामवर रोज ३०० रुपयांची जाहिरात लावली होती. बटण दाबलं की थेट सरांचं व्हॉट्सॲप उघडतं. आधीच्या आठवड्यात रोज सरासरी ३० मेसेज येत होते, ते एकदम १८ वर आले. सरांचं म्हणणं होतं की जाहिरातीचा फोटो बदलू. मी म्हटलं, दोन दिवस काहीच करू नका, आधी बघू तरी.

असा फोन मला दरवर्षी दोन-तीनदा येतो. कधी आयपीएलमध्ये, कधी निवडणुकीत, कधी बोर्डाच्या परीक्षेत. तालुक्याच्या ठिकाणी दुकान, क्लास, कृषी केंद्र, ड्रिपची एजन्सी असलेल्या आणि पहिल्यांदाच जाहिरातीला पैसे लावणाऱ्या माणसासाठी हे लिहितोय. आकडे सरांच्याच जाहिरातीचे आहेत, हिशेब सोपा जावा म्हणून गोल केलेत.

पहिली पायरी: ही खरंच घट आहे का?

एका दिवसाचा आकडा बघून घाबरायचं नाही. रोज ३० मेसेज येणाऱ्या जाहिरातीला एखाद्या दिवशी २२ आले तर काहीच झालेलं नसतं. माझा ठोकताळा असा: सरासरीचं वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायचं. ३० चं वर्गमूळ साधारण साडेपाच, दुप्पट केलं की ११. म्हणजे १९ ते ४१ मधला कुठलाही दिवस नेहमीचाच समजायचा. आठवड्याचे ३० गुणिले ७ म्हणजे २१० होतात. त्याचं वर्गमूळ साडेचौदा, दुप्पट २९. आठवड्याला १८१ च्या खाली गेलं तर मात्र काहीतरी घडलंय. सरांना त्या आठवड्यात १२६ मिळाले होते. म्हणजे घट खरी होती.

आठवडाच का धरायचा, तर गावाला स्वतःचा एक ताल असतो. सरांच्या गावचा आठवडी बाजार ज्या दिवशी भरतो त्या दिवशी मेसेज नेहमीच कमी येतात. खेड्यांवरचे पालक त्या दिवशी बाजाराला येतात आणि पिशवी हातात घेऊनच क्लासच्या पायऱ्या चढून फी विचारतात. स्क्रीनवर ती घट दिसते, पण खुर्चीत माणूस बसलेला असतो. म्हणून शनिवार ते शुक्रवार असा पूर्ण आठवडा घ्या आणि तसल्याच पूर्ण आठवड्याशी ताडून बघा. सोमवारची तुलना रविवारशी करून काही हाती लागत नाही.

दुसरी पायरी: घट तीन तुकड्यांत मोडा

मेसेज तीन कड्यांच्या साखळीतून येतो. ३०० रुपयांत जाहिरात किती वेळा दिसली, दिसली त्यातल्या किती वेळा बोट पडलं, आणि बोट पडल्यावर कितींनी खरंच मेसेज पाठवला. फेसबुकवर जाहिरातीचा हिशेब दाखवणाऱ्या Ads Manager मध्ये पहिल्यासाठी Impressions आणि CPM हे रकाने बघायचे. CPM म्हणजे हजार वेळा दिसण्याचा दर. दुसऱ्यासाठी CTR, म्हणजे शंभर वेळा दिसल्यावर किती क्लिक. तिसरा आकडा स्वतः काढायचा: मेसेजला क्लिकनं भागायचं.

सरांचे दोन आठवडे शेजारी मांडले. १५ ते २१ मार्चच्या आठवड्यात रोजची सरासरी अशी होती: दर ४० रुपये, म्हणून ३०० रुपयांत ७,५०० वेळा दिसली. CTR १.२ टक्के, म्हणजे ९० क्लिक. त्यातून ३० मेसेज. दर मेसेज १० रुपये.

२२ ते २८ मार्चला दर ५० रुपये झाला, म्हणून तेवढ्याच पैशात ६,००० वेळाच दिसली. CTR ०.९ टक्के, ५४ क्लिक, १८ मेसेज. दर मेसेज जवळजवळ १७ रुपये.

आता भागाकार करा. दिसणं ६,००० भागिले ७,५००, म्हणजे ०.८. बोट पडणं ०.९ भागिले १.२, म्हणजे ०.७५. क्लिकवरून मेसेज आधीही तिनातून एक, आताही तिनातून एक, म्हणजे १. तिघांचा गुणाकार ०.६, आणि ३० चे १८ म्हणजे बरोबर ०.६. हिशेब जुळला.

हा गुणाकार मांडल्याशिवाय मी कुणाच्या जाहिरातीला हात लावत नाही. तिसरी कडी शाबूत आहे याचा अर्थ ज्याने बटण दाबलं त्याला क्लास अजून तेवढाच हवा आहे. फी, बॅचची वेळ, नाव, सगळं जागेवर आहे. बिघडलं ते त्याआधी: जागा महागली आणि लोकांचं लक्ष उडालं.

तिसरी पायरी: तासांचा हिशेब बघा

लक्ष नेमकं कधी उडालं? Ads Manager मध्ये Breakdown मध्ये जाऊन Time of day निवडलं की तासवार आकडे मिळतात. मेसेजचे आकडे तासवार दिसतीलच असं नाही, पण दिसणं आणि क्लिक दिसतात, तेवढं पुरतं. एका दिवसाचे तासवार आकडे इतके लहान असतात की त्यातून काहीही सिद्ध करता येईल, म्हणून इथेही सात दिवस एकत्र घ्या.

आधीच्या आठवड्यात संध्याकाळी सातपर्यंत रोज ४,५०० वेळा दिसून ५४ क्लिक, आणि सातनंतर ३,००० वेळा दिसून ३६ क्लिक. दोन्हीकडे १.२ टक्के. नव्या आठवड्यात दिवसा ३,६०० वेळा दिसून ४२ क्लिक, म्हणजे जवळजवळ तेवढेच टक्के. सातनंतर मात्र २,४०० वेळा दिसून फक्त १२ क्लिक. अर्धा टक्का!

२२ मार्च २०२५ चा शनिवार म्हणजे आयपीएलचा पहिला दिवस. मॅच साडेसातची. पालक घरी येतात, जेवणं होतात आणि फोन मोकळा होतो, तोच हा वेळ. एरवी सरांची सगळ्यात चांगली गिऱ्हाईकं याच वेळात यायची. आता तोच फोन आडवा धरून अख्खं घर स्कोअर बघतं. दोन चेंडूंच्या मध्ये बोट फेसबुकवर येतं, जाहिरात नजरेखालून जाते, मोजणीत एक धरली जाते, पण उन्हाळी बॅचची चौकशी करायला मॅच सोडून कोण जाणार?

इथे एक शंका घ्यायलाच हवी, आणि मी ती घेतली होती. त्या वर्षी दहावीचा शेवटचा पेपर १७ मार्चला झाला. म्हणजे ज्या आठवड्याला मी चांगला म्हणतोय त्यात परीक्षा सुटल्याची लाट होती. लाट ओसरली म्हणून आकडा पडला, असं तर नसेल? तसं असतं तर दिवसाचे टक्केसुद्धा पडले असते. परीक्षेची लाट घड्याळ बघून ओसरत नाही. दिवसा टक्के जागेवर आणि सातनंतर अर्ध्याच्या खाली, अशी खूण मॅचचीच.

दर का वाढला?

सर म्हणाले, मोठ्या कंपन्या टीव्हीवर जाहिरात करतात, आपल्या गावच्या क्लासचा दर त्यांनी कसा वाढवला? बरोबर प्रश्न आहे. प्रत्येक वेळी कुणी स्क्रीन सरकवतो तेव्हा त्या एका जागेचा लिलाव होतो. त्यात गावाचा वेगळा गाळा नसतो. 'महाराष्ट्र, वय १८ ते ४५' असं लिहून थंड पेय, मोबाइल, कूलर, बँकेचं कार्ड विकणारा जो कोणी आहे, त्याच्या यादीत सरांच्या गावचा पालकही असतोच. मार्चअखेर आर्थिक वर्ष संपतं, उरलेलं बजेट खपवायचं असतं, आणि त्यातच मॅच सुरू होते. बोली लावणारे वाढतात. उलट सातनंतर फेसबुकवर बसणारी माणसं घटतात, म्हणजे विकायला जागाच कमी. बाजार समितीत माल कमी अन् व्यापारी जास्त आले की जे होतं तेच इथे होतं.

म्हणूनच मागच्या वर्षीचा आयपीएलचा दर यंदाचा अंदाज म्हणून वापरताना जपून. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, त्यांच्या जाहिरातीही बंद झाल्या. क्रिकेटच्या दिवसांत हातात पैसा घेऊन उभा असणारा एक मोठा बोलीवाला लिलावातून उठून गेला. त्याआधीच्या हंगामाचे आकडे त्याच्या सावलीतले आहेत.

चौथी पायरी: शेजारी बघा

एकाच वेळी दोन गोष्टी घडत असतील तर आपल्या एका गावाच्या आकड्यातून त्या वेगळ्या होत नाहीत. तेव्हा शेजारचा जिल्हा उपयोगी पडतो.

एप्रिल २०२४ आठवा. आयपीएल चालू, आणि त्यातच लोकसभा. विदर्भात मतदान दोन टप्प्यांत होतं. १९ एप्रिलला रामटेक, नागपूर, भंडारा-गोंदिया, गडचिरोली-चिमूर आणि चंद्रपूर. २६ एप्रिलला बुलढाणा, अकोला, अमरावती, वर्धा आणि यवतमाळ-वाशिम. म्हणजे २० ते २६ एप्रिल या आठवड्यात चंद्रपूरकडचं मतदान होऊन गेलेलं आणि यवतमाळला प्रचार शिगेला. क्रिकेट दोन्हीकडे तेच, ऊनही तेच. तुमची जाहिरात दोन्हीकडे वेगवेगळी लावलेली असेल तर दोन्हींचे आकडे शेजारी मांडा. दोन्हीकडे सारखं पडलं असेल तेवढं क्रिकेटच्या खात्यात टाका. चंद्रपूरकडे दर उतरला आणि यवतमाळला चढाच राहिला, तर तो फरक प्रचाराचा. एकाच गावात धंदा असलेल्यानं दुसऱ्या तालुक्यातल्या ओळखीच्या दुकानदाराला फोन करून त्याचा CPM विचारावा. लाजायचं काही कारण नाही, तोही तुमचा विचारेलच.

पोळा किंवा गावची जत्रा वेगळी खूण सोडते. दर फारसा हलत नाही, कारण पुण्या-मुंबईच्या बोलीवाल्याला तुमचा तान्हा पोळा माहीत नसतो. क्लिक आणि मेसेज दोन दिवस पडतात आणि मग पुढच्या दोन-तीन दिवसांत थोडे जास्त येतात. चौकशी पुढे ढकललेली असते, एवढंच. आठवड्याची बेरीज केली की खड्डा बराचसा भरून निघतो. दिवाळीला बरोबर उलट: दर चढतो पण लोकांचं बोट थांबत नाही, कारण ते खरेदीच्याच मनःस्थितीत असतात.

परीक्षा आणि निकाल: तारखेला तारीख जुळवू नका

परीक्षेच्या दिवसांत दर जवळपास तोच राहतो, पण दिवसभर, सगळ्याच तासांत बोट कमी पडतं. जाहिरात पालकांच्या फोनवर जाते हे खरं, पण ज्या घरात पोरगा दहावीला आहे तिथे पालकाचा फोनही कपाटात. या घटीत खर्च कमी ठेवावा आणि शेवटच्या पेपरची वाट बघावी, याहून जास्त काही करण्यासारखं नाही.

खरी गडबड होते ती वर्षाची तुलना करताना. सरांच्या वेबसाइटवर 'दहावीनंतर काय' असं एक पान आहे. मे २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात सरांनी बघितलं तर मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यापेक्षा भेटी निम्म्याहून कमी. गूगलने पान खाली टाकलं, असा त्यांचा समज झाला. पण दहावीचा निकाल २०२४ मध्ये २७ मेला लागला होता, आणि २०२५ मध्ये १३ मेलाच. दुपारी एक वाजता निकाल लागतो, त्या दिवशी आणि पुढचे चार-पाच दिवस असल्या पानाला पूर येतो, मग ओसरतो. सर एका वर्षीच्या पुराची तुलना दुसऱ्या वर्षीच्या ओसरीशी करत होते.

उपाय साधा आहे. निकालाच्या दिवसाला शून्य म्हणा. २७ मे २०२४ हा शून्य, १३ मे २०२५ हाही शून्य. मग शून्यापासून दहाव्या दिवसापर्यंतचे आकडे एकमेकांखाली लिहा. तसं मांडल्यावर सरांचं पान उलट थोडं वर गेलेलं निघालं. पान खरंच घसरलं का हे गूगलचा Search Console सांगतो: Impressions पडले पण Average position तिथेच आहे, तर लोकांनी शोधलंच कमी. क्रमांकच खाली गेला असेल तर दोष पानात शोधा. Search Console मध्ये सोळा महिन्यांपलीकडचा डेटा राहत नाही, तेव्हा निकालाच्या आठवड्याचे आकडे वेळेत उतरवून ठेवा.

मे २०२५ हा तर वाचायला फारच अवघड महिना. ५ मेला बारावीचा निकाल, ९ मेला सीमेवरच्या तणावामुळे आयपीएल थांबली, १३ मेला दहावी, १७ मेला आयपीएल पुन्हा सुरू, आणि २५ मेला ठरलेला अंतिम सामना गेला ३ जूनला. मॅच थांबली तेव्हा संध्याकाळचं बोट परत येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही, कारण त्या दिवसांत सगळे बातम्यांना चिकटले होते. असल्या आठवड्यांतून मी कुठलाही निष्कर्ष काढत नाही. वहीत तारखा लिहितो आणि तो आठवडा पुढच्या वर्षीच्या तुलनेतून वगळतो. एका कृषी केंद्रवाल्यानं मात्र 'आयपीएल २५ ला संपते' हे धरून बियाण्याची जाहिरात २६ पासून लावून ठेवली होती. अंतिम सामन्यापर्यंतचे नऊ दिवस त्याने चढ्या दरात काढले.

हात कुठे लावायचा

सरांच्या बाबतीत हिशेब समोर होता. संध्याकाळच्या २,४०० दिसण्याला १२० रुपये जात होते आणि १२ क्लिक मिळत होते, म्हणजे क्लिकला १० रुपये. दिवसा १८० रुपयांत ४२ क्लिक, म्हणजे सव्वाचार रुपये. संध्याकाळचे पैसे दिवसाकडे वळवायचे, एवढंच ठरवलं. जाहिरातीचं बजेट रोजच्याऐवजी Lifetime budget, म्हणजे सगळ्या दिवसांचं मिळून एकच, केलं आणि वेळापत्रकात सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढेच तास भरले.

१२० रुपयांत २८ क्लिक वाढतील असा कागदावरचा हिशेब होता. तेवढे येणार नाहीत हे आधीच सरांना सांगून ठेवलं, कारण गाव लहान आहे, दिवसा तीच माणसं पुन्हा पुन्हा दिसतात आणि दुसऱ्या-तिसऱ्यांदा तेच बघून कोणी बटण दाबत नाही. वाढले सुमारे २५. मेसेज १८ चे २२ झाले. ३० झाले नाहीत, कारण महागलेली जागा आपल्या हातात नव्हती.

रोज रात्री जाहिरात बंद आणि सकाळी चालू असा खेळ मात्र करू नका. मोठा बदल केला की जाहिरात कुणाला दाखवायची हे यंत्रणा पुन्हा शिकायला बसते, आणि तिला साधारण आठवड्याला ५० मेसेज लागतात. सरांचे ५० तीन दिवसांत भरत होते. रोज १०० रुपये लावणाऱ्याला त्याच दरानं दिवसाला सहा, आठवड्याला ४२ मिळतील. त्याचं शिकणं कधी संपणारच नाही. त्यानं वेळापत्रकाच्या भानगडीत न पडता मॅचचे दोन महिने मोजकेच दिवस, पण बऱ्यापैकी रक्कम लावून जाहिरात करावी.

आयपीएलवर ढकललेली एक घट

ही माझी स्वतःची चूक आहे. त्याच हंगामात ड्रिपच्या एका दुकानदाराची विक्री पडली. मी आकडेही न मांडता सांगून टाकलं, "दादा, मॅच आहे, जून लागू द्या." दोन आठवडे गेले. मग साखळी मांडली तर दर थोडाच चढलेला, बोट पडतंय, मेसेजही येताहेत, जवळजवळ आधीइतकेच. तिन्ही कड्या शाबूत असताना विक्री नाही, म्हणजे भोक चौथ्या कडीत. दुकानात जाऊन बसलो. व्हॉट्सॲपचा फोन ज्या पोराकडे होता तो सात वाजता फोन घेऊन घरी जायचा, आणि त्याच फोनवर मॅच बघायचा. रात्री आठला आलेल्या "दोन एकराला किती खर्च" या मेसेजला उत्तर जायचं दुसऱ्या दिवशी अकराला. तोवर शेतकऱ्यानं दुसऱ्या दुकानात ॲडव्हान्स दिलेला.

तेव्हापासून माझ्या नोंदवहीत दर आठवड्याला सहा रकाने आहेत: गावात आणि बाहेर काय चाललंय, दर, दिसणं, बोट, मेसेज, आणि मेसेजला पहिलं उत्तर किती मिनिटांनी गेलं. शेवटचा रकाना कुठल्याच स्क्रीनवर मिळत नाही. दुकानात जाऊन, फोन मागून, वर सरकवत बसावं लागतं.